न रंगवलेला तळ

कंदावू बेटावरच्या मुलांनी व्हासेमाथा मॅडमचं नाव ठेवलं होतं ‘कशाचे मॅडम’. फळ्यावर कुणी उत्तर काढून खडू खाली ठेवला, की वर्गाच्या मागच्या बाजूने त्यांचा शांत आवाज यायचा, “चौतीस. बरं. चौतीस कशाचे? मासे? दालोचे कंद? सासूबाई?” मुलगा घाईघाईने मागे वळून आकड्यापुढे चौरस मीटर लिहायचा, आणि मॅडम मान डोलावायच्या, जणू त्या आकड्याला आत्ता कुठे अंगभर कपडे मिळाले.

त्या बोटबांधणी करणाऱ्या घरातल्या. वडील लाकडावर हात फिरवून बोलायचे, मोजमाप शेवटी घ्यायचे. व्हासेमाथाला मात्र लहानपणापासून आकड्यांची ओढ. सुवा शहरात शिकायला गेली, शिकून परत आली, आणि मग कुठे गेलीच नाही. नवरा पेनी शाळेच्या धक्क्यावर माल उतरवायचा. तो वारल्यावर मुलीने नांदीला राहायला ये म्हणून खूप आग्रह केला. मॅडम म्हणाल्या, तिथे माझ्या हाताखाली कोण चुकणार? मुलगी हसली आणि विषय सुटला.

पृष्ठफळाचा धडा आला की त्या वर्गात बांगडा माशाचा बंद डबा आणत. डब्यावरचा कागद नखाने हळूच सोडवत, न फाडता, आणि टेबलावर पसरून ठेवत. लांबोळका चौकोन. “हे वक्रपृष्ठ,” त्या म्हणत. “लांबी म्हणजे डब्याचा घेर, रुंदी म्हणजे डब्याची उंची. घेर गुणिले उंची, झालं. आता सांगा, या कागदात झाकण आहे का? बूड आहे का?” नाही, असं सगळे म्हणत. “मग ते विचारलं असेल तेव्हाच मिळवायचं. एकूण पृष्ठफळ म्हणजे कागद अधिक झाकण अधिक बूड. प्रश्न वाचल्याशिवाय सूत्र उचलायचं नाही. आधी वस्तू बघायची.” धडा संपला की मासा उकडलेल्या कासावाच्या कंदाबरोबर खाल्ला जायचा, म्हणून त्या दिवशी कुणी गैरहजर राहत नसे.

इलाइतिया मास्तर त्या वर्षी नवीन आले. मोठ्या बेटावरच्या, नदीच्या मुखाजवळच्या एका गावचे, पंचविशीतले, हसरे, शर्टाच्या खिशात नेहमी तीन पेनं. ओळख झाल्या दिवशीच मॅडमनी त्यांना गाव विचारलं आणि कपाळाला हात लावला. ते गाव आणि मॅडमचं माहेर, दोन्हींचा मूळ देव एकच होता. म्हणजे दोघं तौवू. आणि तौवूंची रीत अशी, की एकमेकांची यथेच्छ टिंगल करायची, एकमेकांच्या ताटातलं उचलून खायचं, आणि कुणी रागावायचं नाही. रागावला तर त्याची पूर्वजांपुढे लाज.

मॅडम तेव्हापासून त्यांना अरेतुरे करू लागल्या, आणि तीस वर्षं गंभीर चेहऱ्याने शिकवलेल्या बाईला इतकं थट्टेखोर होता येतं हे बेटाला पहिल्यांदाच कळलं. पहिल्याच आठवड्यात त्यांनी इलाइतियाला अगदी सरळ चेहऱ्याने सांगितलं, की या शाळेत नवा गणित शिक्षक प्रार्थनेनंतर सगळ्यांसमोर अंगणातल्या नीरफणसाच्या झाडावर चढतो आणि पाढे म्हणतो, मगच मुलं त्याला मानतात. “खरंच सांगते,” त्या म्हणाल्या. इलाइतिया कमरेला गुंडाळलेला सुलू खोचून चढला. सोळाच्या पाढ्यापर्यंत पोचला होता, तेव्हा मुख्याध्यापक जोसातेकी बाहेर आले. त्यानंतर मॅडमनी ‘खरंच’ म्हटलं की इलाइतिया हात जोडून म्हणायचा, “आता तर मुळीच नाही.” त्याच्या शर्टाच्या खिशातल्या पेनांतलं एक मात्र मॅडमनी केव्हाच आपलं म्हणून घेतलं होतं.

बेटावरच्या तीन शाळांची दहावीची एकच प्रश्नपत्रिका असायची. त्यातल्या गणित आणि विज्ञानाच्या गुणांवर ठरायचं, की मोठ्या बेटावरच्या वसतिगृहात कोण जाणार. जागा मोजक्या, यादीत एक आडवी रेघ. रेघेच्या वर असलेली मुलं जायची, खालची इथेच राहायची. त्या वर्षी गणिताची प्रश्नपत्रिका पहिल्यांदाच इलाइतियाने काढली होती, आणि तपासनीसांच्या कामावर देखरेख होती व्हासेमाथा मॅडमची. पुढच्या वर्षी त्या निवृत्त होणार, मग हे काम इलाइतियाकडे जाणार, असं सगळेच धरून चालले होते. मॅडमनाही ते मनातून हवं होतं.

सुट्टीतल्या शनिवारी तिन्ही शाळांचे शिक्षक भोजनगृहात चटया पसरून बसले. पेपरवर नाव नसायचं, फक्त क्रमांक; त्यावरून फार तर शाळा कळायची. एकेकाने एकच प्रश्न सगळ्या पेपरांत तपासायचा, म्हणजे गुण देण्यात फरक पडत नाही. चहाच्या किटल्या फिरत होत्या, बाहेर समुद्र भरतीला लागला होता. मॅडमचं काम प्रत्येक गठ्ठ्यातून अधूनमधून पेपर उपसून पाहण्याचं. त्या घाई करत नसत. पेपर उघडायच्या, चष्मा कपाळावर ढकलायच्या, आणि मुलाने काय विचार केला असेल ते पाहायच्या.

सातवा प्रश्न पाण्याच्या टाकीचा होता. टाकी वृत्तचितीच्या आकाराची, जमिनीवर उभी, वर सपाट झाकण. त्रिज्या एक पूर्णांक चार मीटर, उंची दोनशे पन्नास सेंटिमीटर. π ची किंमत बावीस सप्तमांश धरायची. टाकीच्या बाजूला सगळीकडून आणि वरच्या झाकणाला रंग द्यायचा, तर किती पृष्ठभाग रंगवावा लागेल? आणि टाकीत किती लिटर पाणी मावेल?

पाण्याचा भाग तितिलिया मॅडम तपासत होत्या. त्यांनी एक पेपर व्हासेमाथांपुढे धरला. मुलाने लिहिलं होतं, एक हजार पाचशे चाळीस लिटर.

“काय करू?” तितिलिया म्हणाल्या. “सूत्र बरोबर आहे, गुणाकारही बरोबर आहे. वर्तुळाचं क्षेत्रफळ सहा पूर्णांक सोळा काढलंय, त्याला दोनशे पन्नासने गुणलंय.”

“मीटरला सेंटिमीटरने गुणलंय,” मॅडम म्हणाल्या. “म्हणजे नारळाला केळ्याने. उंची आधी अडीच मीटर करायची होती. सहा पूर्णांक सोळा गुणिले अडीच, पंधरा पूर्णांक चार घनमीटर. एका घनमीटरात हजार लिटर, म्हणजे पंधरा हजार चारशे.” त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. भोजनगृहाजवळ सिमेंटची तशीच टाकी होती, माणसाच्या डोक्याच्याही वर. “दोनशे लिटरचं एक पिंप धर. पंधराशे चाळीस म्हणजे आठ पिंपंसुद्धा नाहीत. त्या टाकीत आठ पिंपं ओतली, तर पाणी माझ्या गुडघ्याच्याही खाली राहील. त्या पोराने गावातल्या टाकीत डोकावलं असतं, तर त्याला हे कळलं असतं. सूत्राचे गुण दे, एककाचे कापून टाक.”

मग त्यांनी रंगाच्या भागाचा गठ्ठा ओढला. तो इलाइतियाने स्वतः तपासलेला होता, कारण प्रश्न त्याचाच. मॅडमनी एक पेपर पाहिला, दुसरा, तिसरा. चष्मा कपाळावरून खाली आला.

चार गुणांपैकी शून्य. मुलाने लिहिलं होतं, अठ्ठावीस पूर्णांक सोळा चौरस मीटर. पुढच्यात तेच उत्तर, तिथेही शून्य. त्यापुढच्यात चौतीस पूर्णांक बत्तीस, चारपैकी चार. मॅडमनी आदर्श उत्तरांचा नमुना मागून घेतला. इलाइतियाने सुंदर अक्षरात लिहिलेलं होतं, एकूण पृष्ठफळ, चौतीस पूर्णांक बत्तीस.

त्यांनी समासात पुन्हा केलं. घेर आठ पूर्णांक आठ, गुणिले अडीच, बाजू बावीस. झाकण सहा पूर्णांक सोळा. बेरीज अठ्ठावीस पूर्णांक सोळा. चौतीस यायला खालचा तळही रंगवावा लागतो. तळ जमिनीवर टेकलेला. आणि प्रश्नात तर बाजू आणि झाकण एवढंच लिहिलेलं.

तेवढ्यात एक पेपर हाताला लागला. शाईचा डाग पडलेला, अक्षर वाकडंतिकडं. मुलाने, किंवा मुलीने, टाकीचं चित्र काढलं होतं. टाकीच्या खाली गवत, पातं पातं वेगळं, त्यात एक खेकडा. गवताकडे बाण, आणि लिहिलं होतं, ‘हा भाग जमिनीत, रंग पोचत नाही, म्हणून धरला नाही.’ मग स्वच्छ गणित, शेवटी अठ्ठावीस पूर्णांक सोळा, चौरस मीटरसकट. शून्य. मॅडमनी पहिल्या पानावरचे आतापर्यंतचे गुण कच्च्या तक्त्याशी ताडून पाहिले. हा क्रमांक रेघेच्या दोन गुणांनी खाली होता.

पेपर काढणाऱ्याच्या संमतीशिवाय उत्तर बदलायचं नाही, असा नियम होता. दुपारच्या बोटीने गुणांचे तक्ते मोठ्या बेटावर जायचे होते. मॅडमनी हाक मारली, आणि नेहमीच्या सवयीने मारली.

“तौवू, तुमच्या गावात टाकी रंगवायच्या आधी उलटी करता वाटतं?”

भोजनगृह हसलं. इलाइतिया मान वर न करता म्हणाला, “उलटी कशाला करायची? तुमच्या गावची माणसं खाली आडवी घालतो. रंग पाठीवर लागतो, पण त्यांचा रंग तसाही उडालेलाच.”

हशा वाढला. मॅडमनाही हसू आलं, आणि त्यांना स्वतःचाच राग आला. “नाही, ऐक. तुझ्या नमुन्यात चूक आहे. तू तळ धरलायस.”

“हो, आणि प्रार्थनेनंतर झाडावरही चढतो.”

“इलाइतिया, खरंच सांगते.”

“झालं,” इलाइतिया दोन्ही हात जोडून म्हणाला, आणि शेजारच्या मास्तरांकडे वळला. “मॅडम ‘खरंच’ म्हणाल्या. आता माझा सुलू तरी जपून ठेवतो.”

लोक हसत राहिले. कुणी म्हणालं, मॅडम, पोराला पहिल्या पेपरला तरी सोडा. मॅडम उठल्या, नमुना हातात धरून त्याच्याजवळ जाऊन बसल्या, बोट ठेवून दाखवू लागल्या. इलाइतियाने तोच नमुना हसत हसत घेतला, दुमडला, आणि त्यांच्याच केसांत फुलासारखा खोचला. तौवूला तसं करण्याचा हक्क होता. त्यांनीच तो त्याला दिला होता, रोज थोडा थोडा.

त्या आपल्या जागी परतल्या. मुख्याध्यापकांकडे जावं, तर ते काम मिनिटात होईल, हे त्यांना माहीत होतं. पण जोसातेकी मोठ्याने बोलणारे गृहस्थ. तिन्ही शाळांसमोर म्हणतील, की नव्या मास्तरांना पेपर काढता येत नाही. मग हा पोरगा पुढच्या वर्षी काय म्हणून देखरेखीला बसणार? गप्प बसावं, तर खेकड्याचं चित्र काढणारं ते मूल इथेच राहील, आणि कुणाला कधी कळणारही नाही. मॅडमनी गवताकडे पुन्हा पाहिलं. किती निवांतपणे काढलं होतं ते गवत, परीक्षेत.

त्यांचं घर शाळेच्या आवारातच. त्या उठून गेल्या. आढ्याला वर्तमानपत्रात गुंडाळलेली यांगोनाची जुडी टांगलेली होती, कुटून मानाचं पेय करतात त्या चांगल्या जुन्या मुळांची. निवृत्तीच्या दिवशी शाळेपुढे ठेवायला म्हणून त्यांनी ती भावाकडून मागवून घेतली होती. त्यांनी ती उतरवली, धूळ झटकली, केस विंचरून पुन्हा बांधले, आणि नमुना बगलेत धरून परत आल्या.

भोजनगृहात आधी कुणाचं लक्ष गेलं नाही. मग मॅडम इलाइतियाच्या समोर चटईवर बसल्या, त्याच्यापेक्षा खाली, मांडी नीट घालून, आणि जुडी दोन्ही हातांनी त्याच्या पुढे ठेवली. शेजारच्या मास्तरांच्या हातातला कप तसाच राहिला. तितिलिया मॅडमनी पेन बंद केलं. यांगोना पुढे ठेवून बोललेलं थट्टेचं नसतं. हे बेटावर तान्हं मूलसुद्धा जाणतं.

इलाइतियाचं हसू ओठांवरच थांबलं. त्याने एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा जुडीकडे.

“मास्तर इलाइतिया,” मॅडम म्हणाल्या, “ही मुळं लहानशी आहेत, स्वीकार करा. आज मी तुमची तौवू म्हणून आलेले नाही. तीन शाळांची तपासनीस म्हणून आले आहे, आणि तुमच्याकडे एक गोष्ट मागते. सातवा प्रश्न तुम्ही पुन्हा एकदा वाचावा. आणि बाहेरच्या टाकीपाशी जाऊन वाचावा. एवढीच मागणी.”

अहोजाहो करत बोलणाऱ्या मॅडम इलाइतियाने पहिल्यांदाच ऐकल्या. त्याने जुडीला दोन्ही हात लावले, ओंजळ करून तीनदा टाळी वाजवली, स्वीकारल्याचे शब्द हळू आवाजात म्हटले. मग प्रश्नपत्रिका घेऊन उठला. कुणी त्याच्यामागे गेलं नाही.

खिडकीतून तो टाकीपाशी दिसत होता. त्याने प्रश्न वाचला. टाकीला हात लावला, भोवती एक फेरी घातली. मग वाकून तळाकडे पाहिलं, जिथे सिमेंट मातीत रुतलं होतं आणि ओलसर जागेत शेवाळ आलं होतं. वाकलेला तो बराच वेळ तसाच राहिला. मॅडमनी मान खाली घातली. त्यांना ते बघवेना.

आत आला तेव्हा तो सरळ त्यांच्यापाशी बसला. आवाज इतका बारीक, की शेजारच्यांनाही जेमतेम ऐकू आला. “मी आधी साधाच प्रश्न काढला होता. वृत्तचितीचं एकूण पृष्ठफळ काढा, एवढाच. मग वाटलं मुलांना ओळखीची वस्तू द्यावी. म्हणून टाकी केली, रंग आणला, झाकण आणलं.” त्याने नमुन्यावर बोट ठेवलं. “प्रश्न बदलला. उत्तर बदलायचं राहिलं.”

“प्रश्न चांगला झालाय,” मॅडम म्हणाल्या. “मी तीस वर्षांत मुलांना जमिनीवर उभी टाकी दिली नाही. डबेच दिले.”

“मी शून्यं दिलीत त्यांना.”

“दिलीत. अजून बोट सुटलेली नाही.”

इलाइतियाने डोळे पुसले नाहीत, पण चेहरा शर्टाच्या बाहीला घासला, घाम पुसल्यासारखा. मग उभा राहून त्याने सगळ्यांना सांगितलं, की नमुन्यातलं सातव्याचं उत्तर त्याचं चुकलं आहे, बरोबर उत्तर अठ्ठावीस पूर्णांक सोळा, आणि हा गठ्ठा पुन्हा करावा लागेल. सांगताना मान खाली नव्हती. जोसातेकींनी तोंड उघडलं होतं. मधे चटईवर पडलेली यांगोनाची जुडी पाहिली आणि मिटून घेतलं. त्यांनी फक्त धक्क्यावर निरोप पाठवला, की तक्त्यांसाठी थोडं थांबा.

गुण कसे द्यायचे यावर थोडी चर्चा झाली. ज्यांनी चौतीस लिहिलं त्यांचं काय, हे इलाइतियानेच विचारलं. त्यांना तर पूर्ण गुण मिळाले होते, आणि ती मुलं त्याच्याच शाळेची जास्त. मॅडम म्हणाल्या, बाजू बरोबर काढली असेल तर दोन, झाकणाचं वर्तुळ बरोबर असेल तर एक, आणि शेवटचा एक बरोबर बेरजेला, एककासकट. चौतीसवाल्यांना तीन. नुसतं बावीस लिहून थांबलेल्यांना दोन. अठ्ठावीस पूर्णांक सोळा लिहून चौरस मीटर विसरलेल्यांना तीन. कुणावर अन्याय नको आणि कुणावर उपकारही नको. तितिलिया मॅडमनी आपले पेपर बाजूला ठेवले आणि अर्धा गठ्ठा स्वतःकडे ओढला. मग आणखी दोघांनी ओढला. स्वयंपाकघरातून उकडलेला दालो आणि नारळाच्या दुधातली पालेभाजी आली, ती लोकांनी डाव्या हाताने खाल्ली.

गठ्ठ्यातला तो पेपर मॅडमनी बाजूला काढून ठेवला होता. सगळं संपत आल्यावर त्यांनी तो इलाइतियापुढे सरकवला. लाल पेन त्यांनी उचललं नाही. त्याने चित्र पाहिलं, बाणाशेजारचं वाक्य वाचलं, पुन्हा वाचलं. खेकड्याला सहा पाय जास्त काढले होते, ते त्याने मोजले असावेत, कारण ओठ हलले.

“कुणाचं असेल हे?” त्याने विचारलं.

“माहीत नाही. क्रमांकाला गाव नसतं.”

त्याने शून्यावर एक तिरपी रेघ मारली, शेजारी चार लिहिले, खाली सही केली. मग पहिल्या पानावरची बेरीज बदलली, आणि तक्त्यात तो क्रमांक शोधून रेघेच्या वर नेला. नेताना त्याचं बोट तक्त्यावर किंचित थांबलं. रेघेवरचा शेवटचा क्रमांक आता खाली सरकणार होता, त्याच्याच शाळेतला. त्याने मॅडमकडे पाहिलं. मग तो क्रमांक स्वतःच खाली सरकवून तो मोकळा झाला.

तक्ते घेऊन तो स्वतः धक्क्यावर धावत गेला. बोट भोंगा देत होती. मॅडम दारात उभ्या राहून पाहत होत्या. लाटांवर ऊन मोडत होतं, आणि दूर तो हात उंचावून खलाशाला पाकीट देताना दिसला. मग बोट मागे सरकली, वळली.

तो परत येईतो आत कुणीतरी ती जुडी कुटून लाकडी परातीत पाण्यात कालवली होती. शाळेपुढे ठेवायची जुडी होती, म्हणून मॅडमना क्षणभर हळहळ वाटली. मग वाटलं, शाळेपुढेच तर ठेवली. पहिली करवंटी इलाइतियापुढे आली. त्याने टाळी वाजवून ती घेतली, एका दमात रिती केली, आणि सगळे त्याच्याकडे पाहत राहिले. आता काय म्हणेल, म्हणेल की नाही, याची वाट मॅडमही पाहत होत्या. आतून त्यांना थोडी भीती वाटत होती, की हा पोरगा आपल्याशी आता कायम अदबीने वागेल.

इलाइतियाने करवंटी खाली ठेवली. चटईवर सरकत तो मॅडमजवळ आला, त्यांच्या ताटात उरलेला दालोचा तुकडा उचलला आणि तोंडात टाकला.

“तुमच्या गावचा दालो,” तो चावत चावत म्हणाला, “अजून कच्चाच असतो.”